हेडसरांच्या घरची शिकवणी: नाही म्हणताना या चुका टाळा

अनुदानित शाळेत सातवीला गणित शिकवतो. तीन वर्षांपूर्वी जुलैमध्ये हेडसरांनी केबिनमध्ये बोलावलं, चहा मागवला (तेव्हाच समजायला हवं होतं) आणि म्हणाले, "सर, आमच्या छोटीचं अपूर्णांकांचं जरा बघा की, संध्याकाळी घरी येत जा."

मी म्हटलं, "सर सध्या वेळच नाही हो, घरी आई आजारी आहे." पहिली चूक हीच. आई खरंच आजारी होती, पण ती बरी होणारच ना. दिवाळीनंतर सरांनी आईची तब्येत विचारली, मी भोळेपणाने बरी आहे म्हटलं, मग काय, सोमवारपासून सुरू. ज्या कारणाची मुदत संपते ते कारण देऊच नका.

दुसरी चूक, "दोन आठवडे येतो, मग बघू". दोन आठवड्यांत मुलीला तुमची सवय होते, वहिनी पोहे आणून ठेवतात, आणि मग जाताजाता "सर, तेवढं बँकेत पासबुक भरून आणता का" हेही मागून येतं. पहिल्या दिवशी नाही म्हणणं सोपं, पंधराव्या दिवशी भांडण वाटतं.

तिसरी चूक आमच्या एका सहकाऱ्याने केली. आरटीई कायदा 2009, कलम 28, शिक्षकाने खासगी शिकवणी घ्यायची नाही, हे त्याने भर स्टाफरूममध्ये वाचून दाखवलं. मुद्दा बरोबर होता, तिथे पैसे घेतले तरच असंही लिहिलेलं नाही, त्यामुळे "फुकटच तर शिकवायचंय" ही पळवाट तशी कच्चीच. पण चारचौघांत ऐकवलं की वरिष्ठ ते विसरत नाहीत. शिवाय हा कायदा पहिली ते आठवीचा, नववी-दहावीवाल्यांनी त्याच्यावर विसंबू नये.

मी शेवटी जानेवारीत केबिनचं दार लोटून एवढंच बोललो, "सर, छोटी माझ्याच वर्गात आहे, तिचा पेपर मीच तपासतो. उद्या तिला चांगले मार्क पडले तर लोक तुमच्याकडे बोट दाखवतील. शाळेत मधल्या सुट्टीत वर्गातली पाच-सहा पोरं अपूर्णांकाला अडतात, त्यांच्यात तिलाही बसवतो." यात नकार होता पण सरांचीच बाजू सांभाळलेली होती, आणि मदत मिळाली ती शाळेच्या वेळेत, सगळ्या पोरांसोबत. बँकेच्या कामाला मात्र कारण वगैरे नको, "सर तासाला जायचंय, शिपाईमामांना सांगतो" असंही नको (त्यांचंही ते काम नाही), नुसतं "सर, मला नाही जमणार".

नंतर पंधरा दिवस सर जरा तुटक वागले. तेव्हा मी त्यांना टाळलं नाही, निकालपत्रकं वेळेआधी टेबलावर ठेवली, नमस्कार चालू ठेवला. तुटकपणा एवढाच असेल तर सोडून द्या. पण अचानक शेवटचे सगळे तास तुमच्याच माथी आले किंवा गोपनीय अहवालात शेरा आला, तर कोणत्या तारखेला काय बोलणं झालं ते वहीत लिहून ठेवा आणि शेऱ्याला लेखी उत्तर देऊन त्याची पोच घ्या.

छोटी आता दहावीला आहे, परवा केबिनमध्ये परत चहा आला होता.