सभेच्या नोटिशीत विषय क्रमांक आणि तारीख जुळत नव्हती: माझा अनुभव

आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या नोटिशीत वर तारीख रविवार, 21 सप्टेंबर 2025 होती, तर गणपूर्तीच्या टिपेत 22. विषय क्र. 7 दोनदा आला होता. वाचून, प्रिंट काढून, Ctrl+F लावूनही क्रमांकांची चूक नजरेतून सुटत राहिली. फार वैताग आला. कारण, वर्डचे आपोआप पडणारे क्रमांक शोधात सापडतच नाहीत.

शेवटी उपयोगी पडलं ते असं. आधी नोटिशीची प्रत Plain Text (.txt) म्हणून साठवली, म्हणजे क्रमांक साधा मजकूर झाले. मग ‘विषय क्र.’ शोधून टिपांमधला प्रत्येक उल्लेख मूळ विषयाशी ताडला. त्यानंतर ‘सप्टेंबर’, ‘वाजता’ आणि ‘सभागृह’ शोधले. तारखेचा वार कॅलेंडरवर पाहिला. तहकूब सभेची वेळ मूळ वेळेनंतर अर्ध्या तासाची आहे ना, तेही तपासलं. हेडर मात्र डोळ्यांनीच पाहावा, तो .txt मध्ये येत नाही.

दुरुस्त्या मूळ फाइलमध्येच केल्या. पूर्ण 14 दिवसांत नोटिशीचा आणि सभेचा दिवस धरत नाहीत, म्हणून नोटीस 6 सप्टेंबरपर्यंत सदस्यांना दिली.