पीडीएफ सापडत नाही? नाव देतानाच या चुका टाळा

मंडळी, फाइलला नीट नाव द्या म्हटलं की कुणीतरी विचारतंच, "नाव काही का असेना, सर्च आहे ना?" इंग्रजीत पत्रव्यवहार चालतो तिथे हे बरंचसं चालून जातं. आपल्या कॉलेजच्या कार्यालयात चालत नाही. का, ते आधी करून बघा.

एखादी जुनी पीडीएफ उघडा, Ctrl+F दाबा आणि पानावर समोर दिसणारा एखादा शब्द टाइप करून शोधा. सापडला तर उत्तम. सापडला नाही आणि माऊसने एक ओळही निवडता येत नसेल, तर तो स्कॅन आहे, म्हणजे निव्वळ पानाचा फोटो. त्यात अक्षरं आहेत हे संगणकाला माहीतच नाही. तिसरा प्रकार फसवा असतो. ओळ निवडता येते, पण कॉपी करून नोटपॅडमध्ये टाकली की इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. युनिकोड येण्याआधीच्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये, कृतिदेव वगैरेंमध्ये, टाइप केलेल्या पत्रांचं असं होतं. फॉन्ट पीडीएफच्या आत असल्यामुळे वाचताना सगळं ठीक दिसतं, पण शोधताना हाती काही लागत नाही.

स्कॅनवर ओसीआर करता येतं, म्हणजे चित्रातली अक्षरं संगणकाकडून ओळखून घेता येतात. त्यासाठी भाषा मराठी निवडायला हवी आणि स्कॅन 300 डीपीआयचा हवा. तरीही शिक्क्याखाली दबलेला मजकूर आणि हाताने लिहिलेला शेरा बहुधा निसटतोच. म्हणून आपल्याकडच्या बऱ्याच पीडीएफ शोधायला नावाशिवाय दुसरा आधार नाही.

एक उदाहरण घेऊ. 5 ऑगस्ट 2025 ची तारीख असलेलं, सहसंचालक कार्यालयाला पाठवलेलं वेतननिश्चितीचं पत्र. जावक क्रमांक 123/2025. सही-शिक्का होऊन ते स्कॅन झालं 11 तारखेला. अशा पत्राची नावं साधारण अशी सापडतात:

```
Scan_20250811.pdf
DOC-20250812-WA0007.pdf
पत्र नवीन final 2.pdf
```

पहिल्या नावातली तारीख स्कॅनची आहे. दुसऱ्यातली, व्हॉट्सअॅपवरून फोनमध्ये फाइल आली त्या दिवसाची. पत्राची तारीख दोन्हींत नाही. ऑडिटमध्ये मात्र पत्राचीच तारीख विचारतात. तिसऱ्या नावाबद्दल मी काही बोलत नाही. ते प्रत्येकाच्या डेस्कटॉपवर आहे. त्याऐवजी हे नाव द्या:

```
2025-08-05_JA-0123_वेतननिश्चिती_सहसंचालक.pdf
```

वर्ष आधी, मग महिना, मग दिवस. आपल्या सवयीच्या उलट आहे, पण नावानुसार क्रम लावताना संगणक डावीकडून वाचत जातो. 05-08-2025 असं लिहिलंत तर सगळ्या वर्षांच्या, सगळ्या महिन्यांच्या पाच तारखा एकाखाली एक येतात. "फाइलच्या रकान्यात तारीख दिसतेच की," असं म्हणू नका. फाइल ईमेलमधून पुन्हा उतरवली की तिथे सहसा त्या दिवसाची तारीख येते.

जावक क्रमांकातली तिरकी रेघ विंडोज नावात घेतच नाही. तसंच `\ : * ? " < > |` ही चिन्हंही चालत नाहीत. मग प्रत्येक जण आपापली पळवाट काढतो: कुणी 123-2025, कुणी 123 of 2025, कुणी क्रमांकच गाळून टाकतो. एकच पद्धत ठरवा. क्रमांक चार आकडी लिहा, म्हणजे 0123. विंडोज 9 नंतर 10 बरोबर लावतं, पण फाइली दुसऱ्या प्रणालीवर गेल्या की 10 हा 9 च्या आधी जाऊन बसू शकतो.

तारीख आणि क्रमांक इंग्रजी आकड्यांतच ठेवा. २०२५ आणि 2025 ही संगणकाच्या लेखी वेगवेगळी अक्षरं आहेत.

विषय मराठीत लिहायला माझी हरकत नाही. उलट वाचणाऱ्याला सोपं जातं. पण इथे एक खोच आहे. "कॉलेज" हा शब्द दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात क ला ॉ हे एकच चिन्ह लागतं. दुसऱ्यात आधी काना आणि मग त्यावर अर्धचंद्र असा वेगळा टाइप होतो: काॅलेज. पडद्यावर दोन्ही जवळजवळ सारखे दिसतात, पण एक शोधलात तर दुसरा मिळेलच असं नाही. "ऑडिट", "ऑर्डर", "फॉर्म" यांचंही तेच. फाइल आहे, तुमच्या डोळ्यांसमोर आहे, तरी सर्च "नाही" म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा हेच कारण असतं. उपाय साधा आहे. नेहमीच्या विषयांची यादी एका फाइलीत करून ठेवा आणि नाव देताना शब्द तिथूनच उचला. म्हणजे "वेतननिश्चिती", "वेतन निश्चिती" आणि "पे फिक्सेशन" हा तिढाही सुटतो.

एखादं पोर्टल मराठी नाव नाकारतं. अशा वेळी अपलोडपुरती इंग्रजी नावाची वेगळी प्रत करा, मूळ फाइलचं नाव बदलू नका.

आता डिजिटल सहीच्या पीडीएफ. यातली चूक सगळ्यात महाग पडते. नाव बदलल्याने किंवा दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवल्याने सहीला काही होत नाही. पण पोर्टलची मर्यादा ओलांडते म्हणून फाइल लहान करणं, दोन पत्रं जोडून एक करणं किंवा "प्रिंट टू पीडीएफ" करणं, यांतल्या कशानेही सही टिकत नाही. प्रिंट टू पीडीएफमध्ये तर सहीचं नुसतं चित्र उरतं, आणि कागदावर ते अगदी खऱ्यासारखं दिसतं. म्हणून ब्राउझरवर विसंबू नका. अॅक्रोबॅट रीडरमध्ये फाइल उघडून सहीचं पॅनेल बघा. पिवळं प्रश्नचिन्ह असेल तर घाबरू नका. बहुधा त्या संगणकावर प्रमाणपत्राला विश्वासार्ह मानलेलं नसतं एवढंच. लाल फुली असेल किंवा पॅनेलच नसेल तर मूळ प्रत शोधा. फाइल लहान करायचीच असेल तर ती सहीच्या आधी करा.

फोल्डर आधी वर्षाचा, त्यात विषयाचा. बस. आठ-आठ पायऱ्या खाली गेलात की विंडोजची सुमारे 260 अक्षरांची मर्यादा आड येते. ती फक्त फाइलच्या नावाची नाही, ड्राइव्हपासूनच्या संपूर्ण पत्त्याची आहे. लक्षण असं: फाइल दिसते, पण कॉपी होत नाही किंवा उघडत नाही. वरच्या फोल्डरचं नाव छोटं केलंत की बहुधा काम होतं.

राहिली साठवण. गूगल ड्राइव्हवर सिंक होतंय म्हणून बॅकअप आहे असं समजू नका. एका टेबलावरून फाइल उडवली की ती सगळीकडून उडते. गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीत ती 30 दिवस राहते, आणि मार्चमध्ये उडालेल्या फाइलची आठवण आपल्याला जूनमध्ये येते. म्हणून दर शुक्रवारी बाहेरच्या डिस्कवर प्रत घ्या, मग डिस्क काढून कपाटात ठेवा. जोडून ठेवलेली डिस्क व्हायरस आला तर संगणकाबरोबरच जाते. आणि महिन्यातून एकदा त्या डिस्कवरची कुठलीही एक पीडीएफ दुसऱ्या संगणकावर उघडून बघा. उघडली नाही, तर तो बॅकअप नाही असं धरून त्याच दिवशी नवी प्रत घ्या.