स्पँड्रेलचा ȳ दुप्पट येत होता

फोंड्याला डिप्लोमाच्या मेकॅनिक्सचा अभ्यास करताना y = x²/80 आणि शिरोबिंदूतली स्पर्शिका, म्हणजे x-अक्ष, यांच्यामधला x = 0 ते 40 सेंमीचा भाग, म्हणजे स्पँड्रेल, घेतला, पाया a = 40, उंची h = 20, आणि त्याच्या गुरुत्वमध्याचे x̄ आणि ȳ काढायला बसलो. क्षेत्रफळ ah/3 = 800/3, x̄ = 3a/4 = 30, इथवर सगळं बरोबर. पण ȳ मात्र 12 यायचा.

पुठ्ठा कापून दोन कोपऱ्यांतून ओळंबा सोडला तर रेषा 6 सेंमीवर छेदल्या!

चूक अशी की मी उभ्या पट्टीचं मोमेंट y·y dx धरत होतो, पण पट्टीचा स्वतःचा मध्य y/2 वर असतो ना, म्हणून ∫(y²/2)dx = 1600, भागिले 800/3, बरोब्बर 6, म्हणजे 3h/10. आडव्या पट्ट्या घेऊनही तेच आलं, तिथे अर्धा लागत नाही.