सरकारी यंत्रणेने मध्येच नियम बदलला तर दाद कशी मागावी? रास्त अपेक्षेचा आधार आणि त्याच्या मर्यादा

जाहिरातीत एक निकष छापलेला असतो आणि मुलाखती आटोपल्यावर भलताच लागू होतो. धोरणात सवलत कबूल केलेली असते, पण अधिसूचना तीन वर्षं रखडते आणि मागच्या वर्षांची सवलत बुडते. अशा वेळी बहुतेक अर्जांत एकच वाक्य सापडतं, "आमच्यावर अन्याय झाला आहे." त्यावर कार्यालयाचं उत्तर ठरलेलं असतं: धोरण बदलणं हा शासनाचा अधिकार आहे. हे उत्तर चूक नाही, अपुरं आहे. ते अपुरं का, हे दाखवणं हीच तुमच्या अर्जाची कामगिरी.

न्यायालयं याला रास्त अपेक्षा म्हणतात, वकिलांच्या तोंडी लेजिटिमेट एक्स्पेक्टेशन. ती हक्काइतकी भक्कम नसते. पण यंत्रणेने स्वतःच्या शब्दाने किंवा वर्षानुवर्षांच्या वागण्याने ती निर्माण केली असेल, तर मनाला येईल तेव्हा ती मोडता येत नाही. आपल्याकडे तिचं मूळ संविधानाच्या अनुच्छेद १४ मध्ये, म्हणजे राज्याने मनमानी करू नये या बंधनात आहे.

पहिली पायरी: वचन शब्दशः शोधून काढा

"सरकारने सांगितलं होतं" एवढ्यावर कुठेच काही मिळत नाही. शासन निर्णय, जाहिरात, धोरणाची पुस्तिका, परिपत्रक, यांतलं नेमकं कलम हाती हवं. ते कोणी काढलं, त्याला तसा अधिकार होता का, आणि त्यातले शब्द निःसंदिग्ध आहेत का, हे तपासा. सभेतली घोषणा सहसा पुरत नाही. "विचार करण्यात येईल" असं लिहिलं असेल तर तुमच्या हाती फक्त विचार होण्याची अपेक्षा आहे, लाभाची नाही.

झारखंडच्या २०१२ च्या औद्योगिक धोरणात स्वतःच्या वापरासाठी वीज तयार करणाऱ्या उद्योगांना वीज शुल्कात ५० टक्के सवलत कबूल केली होती. पुढच्या अधिसूचना महिन्याभरात काढायच्या, असंही त्याच धोरणात होतं. ही अधिसूचना निघाली जानेवारी २०१५ मध्ये, आणि ती फक्त पुढच्या काळासाठी. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्याला याचा जाब विचारला तेव्हा या विलंबाचं समर्थनीय कारण राज्याला देता आलं नाही. उद्योगाची बाजू भक्कम ठरली, कारण कलमही होतं आणि मुदतही लिहिलेली होती.

दुसरी पायरी: अपेक्षा कायद्याच्या विरोधात जात नाही ना, ते पाहा

इथे अनेकांचा घात होतो, म्हणून स्पष्ट सांगतो. कंत्राटी किंवा रोजंदारीवर वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसाला वाटतं की आता कायम करतीलच. ते वाटणं माणूस म्हणून समजण्यासारखं आहे. पण २००६ च्या उमादेवी निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने म्हटलं की, रीतसर भरतीप्रक्रिया टाळून झालेल्या नेमणुकीवर रास्त अपेक्षेचा दावा उभा राहत नाही. जी गोष्ट कायद्याने देताच येत नाही, तिचं वचन एखाद्या अधिकाऱ्याने दिलं असलं तरी न्यायालय ते पाळायला लावत नाही. तुमचं प्रकरण असं असेल तर हा मार्ग सोडा आणि दुसऱ्या आधारावर सल्ला घ्या.

तिसरी पायरी: नेमकं काय मागायचं ते ठरवा

सगळं प्रकरण इथे ठरतं. मागणी दोन प्रकारची असते. पहिली: "बदल करायचा तर करा, पण आधी आम्हाला कळवा आणि आमचं ऐकून घ्या." ही प्रक्रियेची अपेक्षा. दुसरी: "जे कबूल केलं तेच द्या." ही प्रत्यक्ष लाभाची अपेक्षा.

पहिलीचं चांगलं उदाहरण दिल्लीतल्या गृहनिर्माण सोसायट्यांचं आहे. तिथे जमीन वाटपासाठी सोसायट्यांची ज्येष्ठता नोंदणीच्या तारखेवरून ठरत आली होती. जानेवारी १९९० मध्ये निकष बदलला आणि सभासदांची अंतिम यादी ज्या दिवशी मंजूर झाली ती तारीख धरायचं ठरलं. आधी नोंदवलेल्या सोसायट्या रांगेत मागे गेल्या. १९९२ च्या नवज्योती निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की, इतकी वर्षं चालत आलेली पद्धत मोडण्याआधी या सोसायट्यांना बाजू मांडण्याची संधी द्यायला हवी होती.

प्रक्रियेची मागणी न्यायालयाला मान्य करणं सोपं जातं, कारण अंतिम निर्णय यंत्रणेच्याच हाती राहतो. तिचा तोटाही त्यातच आहे: तुमचं ऐकून घेऊन यंत्रणा पुन्हा तोच निर्णय देऊ शकते. म्हणून ऐकून घेतल्यावर सांगण्यासारखं काही तुमच्याकडे असेल तरच या मागणीत दम आहे.

लाभाची मागणी जड असते. ती कशी तपासली जाते हे केरळच्या जिल्हा न्यायाधीश भरतीवरून नीट कळतं. भरती २०१५ च्या अधिसूचनेने सुरू झाली. लेखी परीक्षा ३०० गुणांची, तोंडी ५० गुणांची, आणि निवड दोन्हींच्या बेरजेवर. लेखीला किमान गुणांची अट होती. तोंडीला ती नसेल असं योजनेतच लिहिलं होतं. तोंडी परीक्षा पार पडल्यावर फेब्रुवारी २०१७ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने प्रशासकीय ठराव करून तोंडीलाही किमान गुण लावले. बेरजेत वर असलेले काही उमेदवार त्यामुळे बाहेर गेले.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठापुढे गेलं आणि जुलै २०२३ मध्ये सिवानंदन निकाल आला. त्यातला क्रम लक्षात ठेवा. आपली अपेक्षा रास्त आहे हे आधी अर्जदाराने दाखवायचं. ते दाखवलं की भार उलटतो: अपेक्षा मोडणं सार्वजनिक हितासाठी गरजेचं होतं, हे यंत्रणेने कागदपत्रांनिशी सिद्ध करायचं. उच्च न्यायालयाचं म्हणणं होतं की जिल्हा न्यायाधीश उत्तम व्यक्तिमत्त्वाचे असावेत म्हणून ही अट हवी. हेतूला कोणाचाच आक्षेप नव्हता. पण प्रक्रिया सुरू होण्याआधी अट घालता आली असती. तोंडी झाल्यावर, उमेदवारांना काहीही न कळवता ती घालणं न्यायालयाला टिकण्याजोगं वाटलं नाही.

चौथी पायरी: निवेदन लिहा

थेट न्यायालयात धावू नका. आधी लेखी निवेदन द्या आणि पोच घ्या. मजकूर लांबवू नका. गाभा असा असू शकतो:

"आपल्या दि. … च्या जाहिरातीतील परिच्छेद … नुसार निकष … असा होता. त्यावर विसंबून मी … केले. दि. … च्या निर्णयाने हा निकष बदलण्यात आला. बदलापूर्वी मला कळवण्यात आले नाही. हा बदल कोणत्या सार्वजनिक हितासाठी आवश्यक होता आणि सुरू असलेल्या प्रक्रियेला तो का लावण्यात आला, याची कारणे लेखी द्यावीत. मूळ निकष मला लागू करावा. तसे शक्य नसल्यास निर्णय अंतिम करण्यापूर्वी माझे म्हणणे ऐकून घ्यावे."

शेवटच्या दोन वाक्यांत दोन्ही मागण्या आहेत आणि जड मागणी आधी आहे. हा क्रम उलटवू नका. "त्यावर विसंबून मी … केले" ही जागाही रिकामी सोडू नका. नोकरी सोडली, कर्ज काढलं, यंत्रं घेतली, जे केलं ते पुराव्यासह लिहा. विसंबून केलेली कृती नसली म्हणून दावा संपत नाही, पण असली तर त्याला वजन येतं.

पाचवी पायरी: सार्वजनिक हिताचं कारण तपासून घ्या

निवेदनासोबतच माहिती अधिकारात अर्ज टाका. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. बदलाचा प्रस्ताव, त्यावरच्या टिपण्या आणि बैठकीचं इतिवृत्त मागा. सार्वजनिक हित निर्णयाच्या वेळी खरंच विचारात घेतलं होतं की नाही, हे टिपण्यांतच कळतं. मोहिंदर सिंग गिल प्रकरणात १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेलं तत्त्व इथे तुमच्या कामाचं आहे: आदेश त्यात दिलेल्या कारणांवरच टिकला पाहिजे, न्यायालयात शपथपत्र भरताना नवी कारणं जोडून तो सावरता येत नाही.

कागद हाती आले की पाहा: कारण नेमकं आहे की नुसतं "जनहितार्थ" लिहिलं आहे? त्या कारणासाठी चालू प्रक्रियेतल्या लोकांनाही बदल लावणं गरजेचं होतं का, की पुढच्या वेळेपासून लावला असता तरी भागलं असतं? माझ्या मते दुसरा प्रश्न सर्वांत जास्त उपयोगी पडतो. धोरण चांगलं की वाईट यात न्यायालय सहसा शिरत नाही, पण बदलाची वेळ आणि व्याप्ती ते जरूर तपासतं.

उत्तर खणखणीत निघालं तर मात्र थांबण्याची तयारी ठेवा. ब्रिटनमध्ये १९८४ साली चेल्टनहॅमच्या गुप्तवार्ता केंद्रातल्या कर्मचाऱ्यांना कामगार संघटनेत राहण्यास बंदी झाली. नोकरीच्या अटी बदलताना संघटनांशी चर्चा करण्याची तिथे जुनी पद्धत होती. चर्चेची अपेक्षा रास्त असल्याचं तिथल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, हाउस ऑफ लॉर्ड्सने, मान्य केलं. तरीही कर्मचारी हरले, कारण आधी चर्चा केली असती तर राष्ट्रीय सुरक्षेला धोका पोचला असता, असं सरकारने पुराव्याने दाखवलं. म्हणजे वरचढ सार्वजनिक हितापुढे नुसती ऐकून घेण्याची मागणीसुद्धा मागे पडू शकते. साथ, सुरक्षा, तिजोरीवरचा खरा आणि आकडेवारीने मांडलेला ताण, अशा कारणांपुढे वैयक्तिक अपेक्षा क्वचित टिकते.

सहावी पायरी: उशीर करू नका

निवेदनाला उत्तर येत नसेल तर ठरावीक काळ वाट पाहून पुढे जा. महाराष्ट्र शासनाच्या सेवेचा किंवा तिच्या भरतीचा विषय असेल तर सहसा आधी मॅट, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण. इतर बाबतींत अनुच्छेद २२६ खाली मुंबई उच्च न्यायालय, गोव्यातल्यांसाठी त्याचं गोवा खंडपीठ. निवेदनावर निवेदनं देत राहिल्याने झालेला उशीर माफ होत नाही.

केरळच्या उमेदवारांचं पुढे काय झालं, हे यासाठीच माहीत हवं. निकाल त्यांच्या बाजूने लागला, पण पद मिळालं नाही. तोवर सहा वर्षं उलटली होती, निवड झालेले न्यायाधीश कामावर होते, आणि त्यांना काढणं सार्वजनिक हिताचं नाही असं न्यायालयाने ठरवलं. अर्जदारांची निवड न होणं हा त्यांच्या गुणवत्तेवरचा शेरा नाही, एवढं मात्र न्यायालयाने नोंदवून ठेवलं. म्हणून याचिका दाखल करतानाच अंतरिम आदेश मागा: एक जागा रिकामी ठेवावी, किंवा होणाऱ्या नेमणुका याचिकेच्या निकालाच्या अधीन राहतील असं नेमणूकपत्रात लिहावं. आणि तुमच्या यशाने ज्यांचं नुकसान होईल, त्यांना प्रतिवादी करायला विसरू नका. ते समोर नसतील तर न्यायालय त्यांच्या विरोधात आदेश देणार नाही.