पायथागोरस पुठ्ठ्याने शिकवताना या चुका टाळा

सूत्र फळ्यावर लिहिण्याआधी चार एकरूप काटकोन त्रिकोण आणि एक चौरस चौकट मुलांच्या हाती द्यायची, ही पद्धत उत्तम आहे. पण ती फसते ती बहुधा कात्रीपासूनच.

काटकोन करणाऱ्या बाजू 6 आणि 9 सेंमी घ्या. 3-4-5 च्या पटीतले माप नको, कारण चुणचुणीत मूल कर्ण आधीच सांगून मोकळे होते. दोन्ही बाजू सारख्याही नकोत, नाहीतर सिद्धांत फक्त त्याच त्रिकोणाचा वाटतो. चौकट आतून 15 सेंमीची हवी. त्रिकोण एकेक आखण्यापेक्षा 9 × 6 चे दोन आयत कर्णावर कापा, म्हणजे काटकोन चुकत नाही. मात्र दोन्ही आयत एकाच बाजूला झुकणाऱ्या कर्णावर कापा. एक उलट कापला की त्याचे दोन त्रिकोण आरशातल्यासारखे होतात. एका बाजूने रंगीत पुठ्ठा असेल तर ते पालथे घातल्यावरच बसतात, आणि मुले विचारतात, "सर, हे वेगळे त्रिकोण आहेत का?" नीट कापलेले चारही नुसते सरकवून, फिरवून बसतात.

पहिल्या मांडणीत काटकोन चौकटीच्या चार कोपऱ्यांत जातात आणि मध्ये तिरपी रिकामी जागा उरते. दुसऱ्या मांडणीत त्रिकोण जोडून पुन्हा दोन आयत होतात, एक आडवा, एक उभा, आणि 6 व 9 सेंमी बाजूचे दोन चौरस मोकळे राहतात. लक्ष रिकाम्या जागेकडे वळवा. मुले त्रिकोणांकडेच बघत बसतात.

सगळ्यात जास्त सुटणारा भाग म्हणजे तिरपी जागा चौरसच का? चारही बाजू कर्णाएवढ्या, पण तेवढ्याने तो समभुज चौकोनही असू शकतो. चौकटीच्या कडेवर दोन त्रिकोण जिथे भेटतात तिथे बोट ठेवायला सांगा. तिथले दोन लघुकोन मिळून 90°, सरळ कोन 180°, म्हणून उरलेला 90°. "दिसतोय की चौरस" हे उत्तर आले तर पुढे जाऊ नका.

मग क्षेत्रफळ मोजू द्या. चौकट 225, चार त्रिकोण 4 × 27 = 108, उरले 117. दुसऱ्या मांडणीत 36 + 81, तेही 117. इथे (a + b)² चा विस्तार आणायचा मोह होतो, पण सातवीच्या पुस्तकात वर्गविस्तार या धड्यानंतर येतो. वजाबाकी पुरते.

सरावाची पहिली उदाहरणे क्षेत्रफळाचीच द्या: दोन चौरस 25 आणि 64 चे, तिसरा कितीचा? लांबी नंतर. तरी कोणी कर्ण 6 + 9 = 15 काढलाच, तर चौकट पुढे करा. 15 सेंमी ही चौकटीची अख्खी बाजू. कर्ण तिच्यावर ठेवून बघितला की तो 11 लाही पोचत नाही.