दिवा उशाशी, घड्याळ नजरेआड

रात्री जाग आली की हात आपोआप घड्याळाकडे जातो. दोन वाजून चाळीस मिनिटं झालेली दिसली की लगेच हिशोब सुरू होतो: साडेपाचला उठायचं, म्हणजे तीन तासही उरले नाहीत. या हिशोबानेच मेंदू सावध होतो, काळजी वाढते आणि अंगावर येऊ लागलेली झोप मोडते. शिवाय वारंवार वेळ पाहणाऱ्याला आपण खरोखर होतो त्यापेक्षा जास्त वेळ जागे होतो असं वाटतं, आणि दुसऱ्या रात्री तो ती धास्ती घेऊनच आडवा होतो.

पहाटेच्या उजेडासारखा हळूहळू उजळणारा अलार्मचा दिवा घेतला, तर इथे एक अडचण येते. दिवा जवळ हवा, पण त्याच्यावरच घड्याळ असतं.

साडेपाचला उठायचं असेल तर उजेड पाचला सुरू होईल असा लावा. अर्ध्या तासात तो मंद तांबूस रंगापासून पिवळसर पांढऱ्यापर्यंत चढतो आणि मिटलेल्या पापण्यांतूनही जाणवतो. दिवा उशीपासून ४० ते ५० सेंटिमीटरवर, डोक्याच्या उंचीला किंवा थोडा वर ठेवा. अंतर दुप्पट केलं की उजेड साधारण चौथाईवर येतो, म्हणून खोलीच्या कोपऱ्यातल्या कपाटावर ठेवलेल्या दिव्याने जाग येत नाही. मच्छरदाणीही थोडा उजेड अडवते, तेव्हा ती असेल तर दिवा आणखी जवळ घ्या किंवा उजेड एक पायरी वाढवा. दिव्याकडे पाठ करून झोपायची सवय असेल तर त्याची बाजू बदला.

आता आकडे. सेटिंगमध्ये डिस्प्ले पूर्ण बंद करता येतो का ते आधी पाहा. नुसता मंद केलेला आकडा अंधारात स्वच्छ वाचता येतो. बंद होत नसेल तर आकड्यांवर काळी इन्सुलेशन टेप दोन पदरी लावा, मात्र हवा खेळायची भोकं मोकळी सोडा. भिंतीवरचं घड्याळ पलंगावरून दिसणार नाही तिथे हलवा. मनगटी घड्याळ उतरवून ठेवा. मोबाइल हात पोचणार नाही इतक्या लांब, पालथा ठेवा आणि त्यात ५:३५ चा अलार्म लावा. वीज गेली तरी उठवणारं काहीतरी आहे ही खात्री असली की वेळ तपासायची ओढ कमी होते.

पहिले काही दिवस वेळ न कळल्याने उलट अस्वस्थ वाटेल. तेव्हा एवढंच लक्षात ठेवा: अलार्म वाजला नाही, म्हणजे अजून रात्र आहे. बराच वेळ, अंदाजे वीसेक मिनिटं, झोप लागली नाही असं वाटलं तर उठून दुसरीकडे मंद उजेडात बसा आणि पेंग आली की परत या. ही वीस मिनिटंही अंदाजानेच मोजायची.

दिव्याने उठणं सोपं होतं, निद्रानाश बरा होत नाही. आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री, तीन महिने असंच चाललं असेल तर डॉक्टरांना दाखवा आणि निद्रानाशासाठीच्या वर्तनोपचाराबद्दल विचारा. घड्याळ लपवणं हा त्या उपचारात दिला जाणारा एक सल्ला आहे.