स्लाइडवर ‘करा’, ‘करावी’ की ‘करण्यात यावी’? गोव्यात मराठी सादरीकरण करणाऱ्या नवोदितांसाठी

स्लाइडची भाषा सोपी करायची म्हणजे ती बोलीत लिहायची, असे सर्रास सांगितले जाते. गोव्यात हा सल्ला जसाच्या तसा घेऊ नये. इथल्या बऱ्याच श्रोत्यांच्या घरात कोंकणी बोलली जाते. मराठी त्यांना भेटते ती प्राथमिक शाळेच्या पुस्तकात, रोजच्या वर्तमानपत्रात, भजन-कीर्तनात आणि नाटकात. म्हणजे मराठी ही त्यांची वाचण्या-ऐकण्याची भाषा. त्यामुळे ‘फवारणी’, ‘प्रमाण’, ‘मुदत’ हे छापील शब्द त्यांना चटकन कळतात. पुण्या-मुंबईची घरगुती वळणे मात्र अनोळखी वाटतात.

एकच मजकूर घेऊ. विषय सुपारीवरचा कोळेरोग, श्रोते सत्तरी तालुक्यातले बागायतदार. पहिला मसुदा बहुधा असा येतो: ‘कोळेरोगाच्या प्रतिबंधार्थ १ टक्का तीव्रतेच्या बोर्डो मिश्रणाची पर्जन्यपूर्व फवारणी करण्यात यावी.’ हे जड आहे म्हणून कोणी दुसऱ्या टोकाला जातो: ‘पाऊस लागायच्या आत बोर्डो मारून टाकायचं.’ दोन्ही फसतात. पहिल्यात क्रिया अगदी शेवटी येते, आणि फवारणी कोणी करायची हे कळतच नाही. दुसऱ्यात ‘मारून टाकायचं’ ही बोलण्यातली लकब आहे. तोंडून ती चालते, कारण आवाज आणि हातवारे सोबत असतात. पडद्यावर एकटी पडली की वाचणारा अडखळतो. शिवाय १ टक्का हे प्रमाणही गळून गेले.

नीट जमलेली स्लाइड अशी दिसेल, तिच्यात १ टक्का बोर्डो मिश्रणाचे प्रमाण किलो-लिटरमध्ये दिले आहे:

पावसाआधी पहिली फवारणी करा
मोरचूद १ किलो, ५० लिटर पाण्यात
कळीचा चुना १ किलो, ५० लिटर पाण्यात
मोरचुदाचे पाणी चुन्याच्या पाण्यात ओता
भांडे प्लास्टिकचे घ्या, लोखंडाचे नको

शब्द छापील वळणाचे, क्रियापदे मात्र थेट ‘करा, ओता, घ्या’. बागायतदारांसाठी भाषेचा हाच मेळ योग्य. चौथ्या ओळीतला क्रम उलटा वाचला गेला तर मिश्रण बिघडते, म्हणून तिथे ‘एकमेकांत मिसळावे’ असे मोघम लिहू नये. स्लाइडवर एवढेच. फवारणी का करायची आणि किती दिवसांनी पुन्हा, हे तोंडाने सांगावे, आणि ते कोंकणीत सांगितले तरी काही बिघडत नाही. पडदा मराठीत आणि बोलणे कोंकणीत, हे इथे सहज चालते.

तीच माहिती कृषी अधिकाऱ्यांपुढे किंवा महाविद्यालयातल्या शिक्षकांपुढे मांडताना भाषा बदलते. या स्लाइड पुढे अहवालात उतरवल्या जातात. बोलणारा सोबत नसताना वाचल्या जातात. तेव्हा ‘करावी’ योग्य: ‘बागायतदाराने पावसाळ्यापूर्वी १ टक्का बोर्डो मिश्रणाची फवारणी करावी.’ कर्ता वाक्यात आहे, आणि मोरचूदसोबत ‘कॉपर सल्फेट’ हे नावही द्यावे. ‘करण्यात यावी’ मात्र इथेही टाळाच. कार्यालयीन पत्रातून आलेली ही सवय जबाबदारी कोणाची हेच लपवते.

स्थानिक शब्दांचा निर्णयही श्रोत्यांवरच ठरतो. ‘माडी’ म्हटले की सत्तरीत सुपारीचे झाड डोळ्यांपुढे येते. महाराष्ट्रातून आलेल्या पाहुण्याला तोच शब्द घराचा वरचा मजला किंवा ताडामाडाचा रस वाटतो. गावातल्या बैठकीत ‘माडी’ आणि ‘कुळागर’ बेधडक लिहा. मिश्र श्रोते असतील तर ‘सुपारीचे झाड’ आणि ‘सुपारीची बाग’. उलट कोंकणीतला ‘उपरांत’ मराठी स्लाइडवर नकळत येतो. तिथे ‘नंतर’ हवे.

सगळ्यांत जास्त दिसणारी चूक अनुस्वाराची. एका ओळीत ‘सांगितले’, पुढच्या ओळीत ‘करायचं’. मराठी लेखननियमांप्रमाणे ‘केलं, म्हटलं’ ही रूपे कोणाच्या तोंडी घातलेल्या बोलण्यासाठी. एरवी ‘केले, म्हटले’. गोव्यात आणखी एक गुंता आहे. कोंकणीत ‘केलें’ असे मात्रा आणि अनुस्वार दोन्ही देऊन लिहितात, त्यामुळे दोन्ही भाषा लिहिणाऱ्याच्या हातून एकाच फाइलमध्ये तीन रूपे पडतात. ‘शोधा’ची सोय वापरून ‘लं’, ‘चं’, ‘लें’ एकेक तपासा. शेतकऱ्याचे उद्गार अवतरणात असतील तेवढेच सोडा.

स्लाइड तयार झाल्यावर ती मोठ्याने वाचावी. वाचताना तोंड आपोआप शब्द बदलत असेल, ‘प्रतिबंधार्थ’ पाहून ‘होऊ नये म्हणून’ असे निघत असेल, तर बागायतदारांच्या स्लाइडवर तोंडातलेच लिहावे. अधिकाऱ्यांच्या स्लाइडची कसोटी वेगळी: सहकाऱ्याला ती एकही शब्द न बोलता दाखवावी आणि कोणी, कधी, किती करायचे ते विचारावे. तिन्हीपैकी एकाचेही उत्तर अडले, तर ती ओळ पुन्हा लिहावी.